एक मग, एक खिडकी आणि अंदाज बांधणारा फोन

माझी एक मैत्रीण हाताने चिनी मातीचे मग बनवते. तिचा छोटासा ब्रँड आहे आणि सगळी विक्री ऑनलाइन. तिचा सगळ्यांत सुंदर मग मोरपंखी रंगाचा आहे, पण व्हिडिओत तो कधी राखाडी दिसायचा तर कधी निळा. एकदा एका ग्राहकाने "व्हिडिओत दाखवला तो हा रंग नाही" म्हणून मग परत पाठवला. तिने मला फोन केला. "अगं, मला आता नवीन कॅमेरा घ्यावा लागणार बहुतेक." मी म्हटलं, थांब, आधी तुझ्या फोनवरचा मूळ व्हिडिओ पाठव.

चाळीस सेकंदांचा तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला. पहिल्या दहा सेकंदांत मग ठीक दिसत होता. मग काळ्या बाहीचा तिचा हात फ्रेममध्ये आला आणि अख्खं चित्र एकदम उजळलं. हात बाहेर गेला तसं पुन्हा काळवंडलं. तिने मग कॅमेऱ्याजवळ आणला, तेव्हा मोरपंखी रंग विटल्यासारखा झाला. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत होता आणि ती बोलायची थांबली की मागून 'स्स्स' अशी खरखर वर यायची.

कॅमेरा वाईट नव्हता. फोन दर क्षणाला अंदाज बांधत होता आणि दर क्षणाला मत बदलत होता. फोनवर चित्रीकरण करताना हे एक ध्यानात ठेवलं की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं. प्रकाश किती हवा, पांढरं कशाला म्हणायचं, फोकस कशावर ठेवायचा, आवाज किती मोठा करायचा, हे सगळं फोन स्वतःच ठरवत असतो. फोटोत ते चालून जातं, कारण निर्णय एकदाच होतो. व्हिडिओत तोच निर्णय पुन्हा पुन्हा होतो आणि बघणाऱ्याला तो बदल दिसतो. त्यामुळे आपलं काम एवढंच: फोनला अंदाज बांधायची वेळच कमीत कमी येईल अशी मांडणी करायची आणि जिथे जमेल तिथे त्याचा निर्णय लॉक करायचा.

प्रकाश एकच, पण मोठा

आम्ही टेबल खिडकीपाशी नेलं. खिडकी मगाच्या एका बाजूला येईल अशा बेताने ठेवलं, मागे नाही आणि थेट समोरही नाही. खिडकी मागे आली की फोन तिचा उजेड मोजतो आणि आपला मग काळा पडतो. समोर आली की मग सपाट दिसतो, त्याची गोलाई मरते. बाजूने येणारा प्रकाश एका अंगाला उजळ आणि दुसऱ्या अंगाला मऊ सावली देतो, त्यामुळे वस्तूला अंग येतं.

प्रकाश मऊ आहे की कडक, हे तो किती तीव्र आहे यावर ठरत नाही. वस्तूच्या मानाने तो किती मोठा आहे, यावर ठरतं. लहानसा बल्ब कितीही मंद असला तरी कडक काठाची सावली टाकतो. अर्ध्या मीटरवर असलेली मोठी खिडकी मगाला जवळजवळ एका बाजूने वेढून टाकते, म्हणून सावलीचे काठ विरघळतात. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर मात्र हे खरं नाही, कारण तेव्हा प्रकाशाचं मूळ खिडकी नसून सूर्य असतो आणि तो आकाशात अगदी छोटा दिसतो. अशा वेळी पातळ पांढरा पडदा ओढायचा. पडद्यावर ऊन पडलं की तो पडदाच प्रकाशाचं मूळ होतो.

अंतरही खेळून पाहावं. खिडकीपासून एक मीटरवरचा मग दोन मीटरवर नेला की त्याच्यावरचा प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो. याचा फायदा असा की मग खिडकीजवळ आणि भिंत दूर ठेवली, तर मागची भिंत आपोआप अंधुक होते आणि मग पुढे उठून दिसतो. पार्श्वभूमी 'धूसर' करणाऱ्या मोडच्या नादी लागू नये. व्हिडिओत मगाचा कान आणि मागची भिंत यांच्यातली सीमा ओळखताना तो मोड चुकतो आणि कानाच्या आतली पोकळी अर्धी धूसर, अर्धी स्पष्ट राहते.

मगाची सावलीकडची बाजू फार काळी वाटली तर तिथे पांढरं कार्डशीट किंवा थर्माकोलचा तुकडा फ्रेमच्या जरा बाहेर उभा करायचा. तो खिडकीचा प्रकाश परत फेकतो. किती जवळ आणायचा हे डोळ्यांनीच ठरवावं. सावली पूर्ण पुसली गेली तर जास्त झालं समजा.

आता चकचकीत वस्तूची गंमत बघा. ग्लेझ दिलेला मग म्हणजे एक वाकडा आरसाच. त्यात खिडकी दिसते, आपण दिसतो, काळा फोनही दिसतो. खिडकीचं प्रतिबिंब घालवायच्या भानगडीत पडू नका, कारण त्या उभ्या पांढऱ्या पट्टीमुळेच डोळ्याला "हे काचेसारखं गुळगुळीत आहे" हे कळतं. ती पट्टी फक्त भगभगीत पांढरी न होता मऊ काठाची असावी, आणि ते काम पुन्हा तोच पडदा करतो. घालवायचं ते स्वतःचं आणि फोनचं प्रतिबिंब. त्यासाठी फोन मागे न्यायचा, म्हणजे प्रतिबिंब इवलंसं होतं.

खोलीतले दिवे बंद. या बाबतीत मी हटवादी आहे. प्रकाशाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात. दिवसाचा प्रकाश साधारण 5500 ते 6500 केल्विनचा, निळसर. पिवळा बल्ब 2700 ते 3000 केल्विनचा, नारिंगी. आपला मेंदू दोन्हीला पांढरं मानून घेतो, फोनला मात्र एकाच पांढऱ्याची निवड करावी लागते. दोन्ही एकत्र असले की मगाचा एक गाल निळा आणि दुसरा पिवळा होतो, आणि तो दोष नंतर कुठल्याही एडिटिंगमध्ये नीट निघत नाही.

रंग का विटतो

माझ्या मैत्रिणीची खरी तक्रार इथे होती. मग जवळ आणल्यावर जवळपास पूर्ण फ्रेम मोरपंखी झाली. फोनने विचार केला, सगळंच निळसर-हिरवं दिसतंय म्हणजे प्रकाशच तसा असणार, तेव्हा उलट बाजूचा रंग मिसळून ते बरोबर करू. त्याने इमानदारीने दुरुस्ती केली आणि तिचा महिनाभर जमवलेला रंग पुसून टाकला.

उपाय दोन. पहिला, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं हा फोनचा निर्णय, लॉक करणं. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये Pro किंवा Pro Video नावाचा मोड असतो, त्यात WB असा पर्याय दिसतो. तिथे Auto काढून 5500 च्या आसपास ठेवायचं आणि फ्रेममध्ये पांढरा कागद धरून तो पांढराच दिसतो ना, ते बघत थोडं वर-खाली करायचं. आयफोनच्या नव्या आवृत्त्यांत कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये, व्हिडिओ रेकॉर्डिंगखाली Lock White Balance असतं. तुमच्या फोनमध्ये यातलं काहीच नसेल तर Blackmagic Camera हे मोफत ॲप आयफोनवर आणि काही अँड्रॉइड फोनवर चालतं. दुसरा उपाय कुठल्याही फोनवर चालतो: मगाने फ्रेम भरू द्यायची नाही. टेबलावर पांढरं किंवा राखाडी कापड अंथरायचं आणि ते कायम थोडं तरी दिसेल असं ठेवायचं, म्हणजे फोनला तुलनेला काहीतरी मिळतं.

हाताने चित्र उजळतं-काळवंडतं त्याचा उपाय याहून सोपा आहे. स्क्रीनवर मगाच्या मधल्या उजळ भागावर बोट दाबून धरायचं. आयफोनवर वर AE/AF LOCK अशी अक्षरं येतात, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. याचा अर्थ प्रकाश आणि फोकस दोन्ही तिथे गोठले. मग बाजूला दिसणारं सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी थोडी खाली ओढायची, इतकी की ग्लेझवरची खिडकीची पट्टी पांढरीफटक न राहता तिच्यात थोडा पोत दिसू लागेल. काळसर राहिलेलं नंतर उजळवता येतं. पांढरं होऊन जळलेलं परत आणता येत नाही, कारण तिथे काही नोंदलंच गेलेलं नसतं.

लॉकची एक मर्यादा आहे. ढग आला तर फोन आता जुळवून घेणार नाही. दर शॉटआधी लॉक काढून पुन्हा लावायचा. आणि लॉक केल्यावर मग पुढे-मागे सरकवला तर तो फोकसबाहेर जाईल, म्हणून टेबलावर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवायची.

सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट बघा. उजेड-अंधारातला जास्त फरक टिपणारा HDR व्हिडिओ चालू असेल तर बंद करा. तुमच्या फोनच्या स्क्रीनवर तो झकास दिसतो, पण दुसऱ्या ॲपवर चढवला किंवा दुसऱ्याच्या फोनवर गेला की कधी फिका तर कधी भडक होतो. रंग विकणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

रात्रीच दिव्याखाली शूट करावं लागलं तर काही एलईडी दिव्यांमुळे चित्रावर आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. वीज जिथे 50 हर्ट्झची आहे तिथे दिवा सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतो. शटर, म्हणजे प्रत्येक चौकटीसाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवलं की पट्ट्या जातात. 60 हर्ट्झच्या विजेला 1/60 किंवा 1/120.

आवाजाचं सगळं गणित अंतराचं

व्हिडिओ थोडा अंधुक असला तरी लोक बघतात. आवाज घुमत असेल तर दोन वाक्यांत अंगठा वर सरकतो. तरी सगळ्यांत कमी लक्ष आवाजाकडेच जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तो सुधारायला जवळपास काहीच लागत नाही.

फोन दोन मीटरवर ठेवून बोललं की माइकपर्यंत दोन प्रकारचा आवाज पोहोचतो. एक तोंडातून थेट आलेला, दुसरा भिंती, फरशी आणि छत यांना आपटून आलेला. थेट आवाज अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो. दोन मीटरवरून माइक वीस सेंटिमीटरवर आणला तर अंतर दहा पट कमी होतं आणि थेट आवाजाची ताकद शंभर पट वाढते. आपटून आलेला आवाज मात्र खोलीभर जवळपास सारखाच असतो. म्हणजे माइक जवळ आणल्याने आवाज मोठा होतो हे खरं कारण नव्हे. थेट आवाज आणि घुमणं यांच्यातलं प्रमाण बदलतं, ते खरं कारण. घुमणं एकदा आवाजात मिसळलं की एडिटिंगमध्ये ते स्वच्छ काढणं फार अवघड. पंख्याची घरघर तरी बऱ्यापैकी काढता येते.

वीस सेंटिमीटर म्हणजे वीतभर. हनुवटीखाली वीतभर अंतरावर, छातीपाशी माइक आला पाहिजे. त्यासाठी घरात पडलेला जुना वायरवाला इयरफोन पुरतो. तो दुसऱ्या एखाद्या फोनला लावायचा, त्यावर रेकॉर्डरचं ॲप चालू करायचं आणि फोन खिशात टाकायचा. इयरफोनच्या वायरवरचा माइक चिकटपट्टीने गळ्याच्या कडेला आतून चिकटवायचा, कापडावर घासणार नाही असा. ठीक तोंडासमोर नको, नाहीतर 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा धक्का बसून 'धप्प' असा आवाज येतो.

आता खात्री. रेकॉर्डिंग सुरू करून त्या माइकवर नखाने खरवडा आणि परत ऐका. खरखर मोठी, जवळून आली तर हाच माइक चालू आहे. लांबून पुसट आली तर फोन अजून स्वतःचाच माइक वापरतोय. माझ्या मैत्रिणीने हे न तपासता पहिल्या दिवशी सहा टेक घेतले होते, सगळे वाया. ब्लूटूथ इयरफोनने हे करू नका. माइक चालू झाला की बहुतेकांचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा चेपलेला येतो, आणि वर उशीर होतो तो वेगळा.

इयरफोन नसेल तर दुसरा फोनच फ्रेमच्या जरा बाहेर, तोंडाच्या जितका जवळ नेता येईल तितका ठेवा. तो टेबलावर असेल तर खाली टॉवेलची घडी हवी. आम्ही आधी तसाच ठेवला होता आणि तिने मग टेबलावर टेकवल्यावर रेकॉर्डिंगमध्ये हातोडा मारल्यासारखा ठोका आला, कारण आवाज हवेतून न येता लाकडातून थेट माइकमध्ये गेला होता.

दोन वेगळी रेकॉर्डिंग जुळवायला सुरुवातीला फ्रेममध्ये एकदा टाळी वाजवायची. एडिटिंगच्या ॲपमध्ये आवाजाच्या रेषेत टाळीचं टोकदार शिखर दिसतं. दोन्ही शिखरं एकाखाली एक आणली की ओठ आणि शब्द जुळले. मग व्हिडिओचा मूळ आवाज बंद करायचा. दोन फोनांची घड्याळं अगदी सारखी चालत नसतात, पण मिनिटाभराच्या शॉटमध्ये तो फरक जाणवत नाही. दहा-पंधरा मिनिटं सलग रेकॉर्ड केलं तर जाणवू शकतो, म्हणून दर टेकला नवी टाळी.

ती 'स्स्स' खरखर आठवते? तोही फोनचा अंदाजच होता. बोलणं थांबलं की फोनला वाटतं आवाज कमी आलाय, म्हणून तो आवाजाची पातळी वाढवतो आणि त्याबरोबर खोलीतली सगळी कुजबुज वर येते. माइक जवळ आणि खोली शांत असेल तर हे फारसं होत नाही. पंखा, फ्रिज, फोनवर येणारे कॉल, सगळं बंद करायचं. फ्रिज परत सुरू करायला आपण हमखास विसरतो, म्हणून घराची किल्ली फ्रिजवर ठेवावी. खोलीत एक टाळी वाजवून ऐका. मागे 'टण्ण' असं शेपूट ऐकू आलं तर गादी, रजई, जाड पडदे आणा, आणि ते मुख्यतः बोलणाऱ्याच्या समोर लावा, म्हणजे कॅमेऱ्यामागे. आवाज आधी तिथेच जाऊन आपटतो. शेवटी वीसेक सेकंद कोणीही न बोलता रेकॉर्ड करून ठेवा. दोन वाक्यांमधली कापाकापी झाकायला खोलीची ती शांतता उपयोगी पडते. पूर्ण मुकी जागा सोडली तर कानाला खड्डा लागतो.

फोन ठेवा, मग फिरवा

स्थिरतेबद्दल थोडक्यात. हातात धरलेला फोन हलतो, फोन ते हलणं सॉफ्टवेअरने सावरतो आणि त्यासाठी चित्राच्या कडा कापतो. भरपूर उजेडात हे बरं जमतं. कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे प्रत्येक चौकटीतच फरफट नोंदली जाते. सॉफ्टवेअर चौकट सरळ करतं, फरफट तशीच राहते आणि चित्र थरथरल्यासारखं होतं. तुमचा व्हिडिओ असा थरथरत असेल तर स्टँड घेण्याआधी खिडकीजवळ जा.

आम्ही पुस्तकांचा ढीग रचला, पुढे खोडरबराचे दोन तुकडे अडसर म्हणून लावले आणि फोन उभा टेकवला. लेन्स आधी सुती कापडाने पुसली. बोटाचा तेलकट डाग असला की खिडकीभोवती दुधाळ धुकं येतं आणि माणूस ते प्रकाशाच्या माथी मारतो. बटण दाबताना ढीग हलतो, म्हणून सुरुवातीचे दोन सेकंद कापायचेच असं धरून चालायचं.

मुख्य म्हणजे फोन मगाच्या जवळ नेला नाही. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून मगाचा काठ फुगलेला आणि तळ निमुळता दिसतो. शिवाय फार जवळ गेल्यावर बऱ्याच फोनांच्या मुख्य लेन्सला फोकस जमत नाही, मग फोन गुपचूप वाइड लेन्सवर उडी मारतो आणि चित्र मध्येच झटका खातं, रंगही बदलतो. ऐंशी सेंटिमीटरवर जाऊन 2x ठेवलं की मग हातात घेतल्यावर दिसतो तसा दिसतो. फोनला खरा 2x नसेल तर 1x वर 4K मध्ये शूट करून नंतर कापायचं. 4K ची एक बाजू 3840 आणि दुसरी 2160 पिक्सेलची, तेव्हा निम्मं कापलं तरी 1920 बाय 1080 उरतात, म्हणजे उभ्या व्हिडिओला पुरेसे.

उंची मगाच्या मध्यापेक्षा जराशी वर, इतकीच की काठाचं वरचं लंबवर्तुळ बारीक दिसावं. ग्रिड चालू करून टेबलाची कड आडव्या रेषेशी जुळवायची. उभ्या व्हिडिओत खालच्या भागावर मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात, म्हणून मग मध्यावर किंवा किंचित वर.

हालचाल हवी होती ती फोनने केली नाही. मग एका फिरत्या चकतीवर ठेवला आणि तिने बोटाने हळूच फिरवला. खिडकीची पट्टी ग्लेझवरून सरकत गेली तेव्हा मगावरची तिच्या बोटांची बारीक वळ्यांची खूण एकेक करून उजळली. स्थिर कॅमेऱ्यामुळेच ते दिसलं, सगळंच हलत असतं तर नजर तिथे ठरली नसती.

त्या दिवशी पाच शॉट घेतले. पहिला, ती मग हातात धरून दोन वाक्यं बोलते, आठ सेकंद. दुसरा, चकतीवरचा मग, दहा सेकंद. तिसरा, मगाच्या कानात बोटं अडकवून उचलणं, म्हणजे आकार कळतो, सहा सेकंद. चौथा, मग उलटा करून तळाची सही, पाच सेकंद. पाचवा पुन्हा तिचं बोलणं, अकरा सेकंद. मधल्या तीन शॉटवरचं निवेदन तिने त्याच खुर्चीत, तोच माइक त्याच जागी ठेवून वेगळं बोलून घेतलं, म्हणून आवाजाचा पोत कुठेच बदलला नाही. सकाळी दहाला बसलो होतो, साडेअकराला ढग आले तेव्हा शेवटचा शॉट राहिला होता. तो आम्ही लॉक काढून, कागद धरून रंग पुन्हा तपासून घेतला.

संध्याकाळी तिने तयार व्हिडिओ स्क्रीनवर थांबवला आणि त्याच्या शेजारी, खिडकीच्या उजेडात, खरा मग धरला. दोन मोरपंखी शेजारी शेजारी. व्हिडिओतला किंचित गडद होता. तिने एक्स्पोजर दोन टिंबं वाढवलं, पुन्हा मग शेजारी धरला आणि मगच तो चढवला.